अधिक की वजा? भोंग्याचं गणित मला कसं सुटलं

गेल्या वर्षी अकरावीच्या चाचणीत डॉप्लर परिणामावर, म्हणजे आवाज करणारा किंवा ऐकणारा हलत असला की स्वर बदलतो त्यावर, एक गणित आलं होतं. ताशी ३६ किलोमीटरनं जाणाऱ्या स्लो लोकलला मागून ताशी ७२ किलोमीटरनं येणारी फास्ट गाठते आणि ४०० हर्ट्झचा भोंगा वाजवते. स्लोमधल्या प्रवाशाला किती वारंवारता ऐकू येईल? ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर दिला होता.

वेग मी बरोबर बदलून घेतले, १० आणि २० मीटर प्रति सेकंद. गाड्यांमधलं अंतर कमी होतंय, म्हणजे दोघं जवळ येतायत, म्हणून पाठ केलेल्या नियमाप्रमाणे ध्वनीच्या वेगात वर ऐकणाऱ्याचा वेग अधिक आणि खाली स्रोताचा, म्हणजे भोंग्याचा, वजा: ४०० × ३६०/३३०, उत्तर ४३६. चूक! सूत्र पाठ होतं, आकडेमोड बरोबर होती, तरी गुण गेले याचं मला फार वाईट वाटलं.

आम्ही कोपरीत राहतो, रुळांपासून जवळच. संध्याकाळी पेपर घेऊन बसले होते आणि ठाण्याला न थांबणारी एखादी मेल भोंगा देत गेली. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. गाडी जवळ येताना आवाज मोठा होत गेला, पण स्वर बराच वेळ एकाच उंचीवर होता. इंजिन समोरून जाताना मात्र तो घसरला आणि खालीच राहिला. म्हणजे गाडी किती जवळ आहे याच्याशी स्वराचा संबंध नव्हताच, ती कोणत्या दिशेनं आणि किती वेगानं जातेय याच्याशी होता.

मग मी सूत्र बाजूला ठेवलं आणि लाटा मोजल्या. ४०० हर्ट्झच्या आवाजाच्या दोन लाटांमध्ये ३५०/४००, म्हणजे ८७.५ सेंटिमीटर अंतर. पण एक लाट सोडून दुसरी सोडेपर्यंत, सेकंदाच्या चारशेव्या भागात, फास्ट गाडी स्वतः ५ सेंटिमीटर पुढे आलेली असते. म्हणून पुढच्या बाजूला तरंगलांबी ८२.५ सेंटिमीटरच उरते आणि फलाटावर उभ्या माणसाला ३५०/०.८२५, म्हणजे ४२४ हर्ट्झ ऐकू येतात. गाडी निघून गेल्यावर तेच ९२.५ सेंटिमीटर होतात आणि ऐकू येतात ३७८. या दोन स्वरांचं गुणोत्तर १.१२ आहे, म्हणजे जवळजवळ रे वरून सा वर उतरल्यासारखं. मी गाणं शिकते, त्यामुळे हे बघून मला खूप आनंद झाला.

ऐकणारा हलला तर लाटांची लांबी बदलत नाही, त्याला लाटा भेटण्याचा वेग बदलतो. म्हणून स्रोताचा वेग छेदात आणि ऐकणाऱ्याचा अंशात. इथपर्यंत स्वच्छ झालं, पण दोघं एकाच दिशेनं पळत असले की चिन्हं कशी ठरवायची?

हे मी खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. ते मोटरमन होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "सूत्रातलं मला काही सांगता यायचं नाही, बाळा. पण गाडी उभी असो की पळत असो, केबिनमध्ये मला माझा भोंगा कायम एकाच सुरात ऐकू यायचा."

मला तेवढंच हवं होतं. वर्गात शिकवलेली पद्धत अशी: ऐकणाऱ्याकडून स्रोताकडे बाण काढायचा आणि ती दिशा अधिक धरायची. दोघांचे वेग त्या बाणाप्रमाणे चिन्हासकट लिहायचे आणि सूत्रात दोन्हीकडे अधिकच ठेवायचं:

```
f' = f (v + vL) / (v + vS)
```

यात `f` भोंग्याची मूळ वारंवारता, `f'` ऐकू येणारी, `v` ध्वनीचा वेग, `vL` ऐकणाऱ्याचा वेग आणि `vS` स्रोताचा. मोटरमन ऐकणारा, भोंगा त्याच्या पुढे. बाण पुढे, दोघांचा वेग +२०. वर ३७०, खाली ३७०, उत्तर ४००. काकांचं म्हणणं जुळलं. "वर अधिक, खाली वजा" लावलं असतं तर त्यांना स्वतःचा भोंगा ४४८ हर्ट्झचा ऐकू आला असता.

आता माझं गणित. फास्ट मागे आहे, म्हणून स्लोमधल्या प्रवाशाकडून बाण मागे जातो. दोन्ही गाड्या बाणाच्या उलट धावतायत, म्हणून -१० आणि -२०. ४०० × ३४०/३३०, म्हणजे ४१२. फास्ट पुढे निघाली की बाण पुढे वळतो, वेग +१० आणि +२० होतात आणि उत्तर ४०० × ३६०/३७०, म्हणजे ३८९.

माझं ४३६ खरं तर न मोजताही पकडता आलं असतं. उभ्या माणसाला ४२४ ऐकू येतात. स्लोमधला प्रवासी भोंग्यापासून लांब पळतोय, म्हणजे त्याला त्याहून कमीच ऐकू यायला हवं.

आता पेपरात पहिली रेघ त्या बाणाचीच असते. दुसऱ्या दिवशी काकांना ४४८ चा आकडा दाखवला, तर त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.