वाय स्ट्रेनर अपडेट: पंपाची खडखड सापडली, जाळी चुकीच्या बाजूला होती

मंडळी, पावसाच्या टाकीवरचा पंप दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खडखडतो आणि तीन नंबरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह, बंदच होत नाही असं मागच्या वेळी लिहिलं होतं. त्या दोन्हींचा छडा लागला एकदाचा. मला वाटत होतं दोन्हीचं कारण एकच असणार, पण दोन्ही वेगळे निघाले, आणि पंपाच्या कारणापर्यंत पोचायला तीन आठवडे गेले.

सेटअप आठवत असेलच, टाकीतलं पाणी पंपाच्या मध्यापासून साधारण एक मीटर वर, मग बॉल व्हॉल्व्ह, वाय स्ट्रेनर म्हणजे Y आकाराची जाळीची गाळणी, पंप, पुढे पाणी वाटणाऱ्या मॅनिफोल्डवर चार सोलेनॉइड. गेल्या महिन्यात व्हॉल्व्हमध्ये कचरा जातोय म्हणून मी सक्शनच्या, म्हणजे पंपाच्या आधीच्या, स्ट्रेनरमध्ये १०० मेशची जाळी टाकली, म्हणजे दीडशे मायक्रॉनच्या आसपासचं भोक. डोक्यात हिशोब असा की एकदाच सगळ्यात आधी बारीक गाळून घेतलं की पंपही वाचेल आणि व्हॉल्व्हही वाचतील. पहिले दोन दिवस पंप लोण्यासारखा चालला, तिसऱ्या दिवशी खडखड, जाळी धुतली की पुन्हा दोन दिवस शांत. असं चार वेळा झालं.

मी धरून चाललो होतो की हे कॅव्हिटेशन आहे, म्हणजे दाब पडून पंपातच पाण्याची वाफ होतेय, जाळी तुंबली, पंपाला पाणी मिळत नाही, विषय संपला. पण मग पंपाच्या तोंडाशी प्लस-मायनस दोन्ही दाखवणारा कंपाऊंड गेज बसवला आणि आकडे जुळेनात. पंप बंद असताना काटा +०.१ बारवर, म्हणजे तो एक मीटर पाण्याचा दाब. जाळी स्वच्छ असताना पंप चालू केला की +०.०५, मिनिटाला २० लिटर पाणी. खडखड सुरू असताना काटा -०.३ वर आणि पाणी १६ लिटरवर आलेलं. म्हणजे वाटेत ०.४ बार खाल्ले जातायत, साधारण चार मीटर पाण्याइतके, हे वाईटच आहे. पण समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो, त्यातून ते उणे तीन मीटर आणि पाण्याच्या वाफेचं थोडं वजा केलं तरी पंपाच्या तोंडाशी जवळपास सात मीटर उरतात, आणि माझ्या पंपाच्या चार्टवर या फ्लोला कॅव्हिटेशन टाळायला लागतात अडीच. म्हणजे कॅव्हिटेशन व्हायला अजून बरीच जागा होती. मग आवाज कसला?

उत्तर एका पाण्याच्या बाटलीने दिलं. खडखड चालू असताना डिलिव्हरीचं पाणी पारदर्शक बाटलीत धरलं तर ते दुधासारखं पांढरट, आणि बाटली ठेवली की खालून वर स्वच्छ होत गेलं, दहा-पंधरा सेकंदांत नितळ. हे हवेचे बारीक बुडबुडे. कॅव्हिटेशनचे बुडबुडे म्हणजे वाफ, ते पंपातच फुटून जातात, बाटलीपर्यंत येत नाहीत. म्हणजे पंप कुठूनतरी हवा ओढतोय. आता कुठून? सक्शनच्या एकाही जॉइंटला पाण्याचा थेंब नाही, सगळं कोरडं ठणठणीत. पण सक्शन उणे दाबात असेल तर पाणी बाहेर येणारच नाही ना, हवा आत जाईल, त्यामुळे कोरडं दिसतंय हा काही पुरावाच नाही. मग साबणाचा घट्ट फेस करून एकेका जॉइंटला फासत गेलो. युनियन ठीक, थ्रेड ठीक, आणि स्ट्रेनरच्या टोपीला फेस लावला तर एका कडेला, नखाएवढ्या जागेत, फेसाला खळी पडली आणि तो सुळकन आत गेला. तीन आठवड्यांचा प्रश्न, आणि उत्तर डोळ्यांसमोर दोन सेकंदांत! पुन्हा फासला, पुन्हा तिथेच गेला. मी तो प्रकार पाच-सहा वेळा नुसता बघत बसलो होतो, इतका आनंद झाला.

टोपी उघडली तर गास्केटवर आडवी चीर. दर वेळी धुताना मी तेच गास्केट परत लावत होतो, त्याच्याखाली वाळूचा कण राहिला असणार आणि वरून पान्याने जोर लावून आवळत होतो, तिथेच कापलं गेलं. जाळी स्वच्छ असेपर्यंत आतला दाब प्लसमध्ये, त्या चिरेतून फार तर एखादा थेंब येत असेल तो वाळून जायचा. जाळी तुंबली की दाब उणे, की तीच चीर हवा ओढायला लागायची. म्हणून धुतलं की बरं वाटायचं आणि मी दर वेळी जाळीलाच दोष देत राहिलो.

आता जाळी इतकी अचानक का दगा देते तेही सांगतो, कारण पहिले दोन दिवस गेजचा काटा जवळजवळ हलतच नाही आणि मग एका रात्रीत आडवा होतो. भोकांतून जाणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की दाबाचं नुकसान चौपट होतं. अर्धी भोकं बुजली तर चौपट, पाचातली चार बुजली तर पंचवीसपट. माझ्या स्वच्छ जाळीचं नुकसान ०.०२५ बार धरलं तर पंचवीसपटीने ०.६ च्या पुढे जातं, फ्लो कमी झाल्यामुळे प्रत्यक्षात ०.४ दिसलं, हिशोब छान जुळतो. आणि माझ्या टाकीत वाळूपेक्षा शेवाळाचा बुळबुळीत थर जास्त, तो १०० मेशवर पापडासारखा पसरतो.

तर निर्णय असा की सक्शनला फक्त पंपाचं रक्षण करायचं, बाकी कशाचं नाही. पंपाच्या इंपेलरला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा कण सहज चालतो, त्याला वाचवायचं ते खडे, पानं, गोगलगाई यांच्यापासून. म्हणून तिथे २० मेश, भोक साधारण ०.८५ मिमी, आणि स्ट्रेनर पाइपपेक्षा एक साइज मोठा, पंचवीसच्या लाइनला बत्तीसचा. बारीक जाळी डिलिव्हरीला, मॅनिफोल्डच्या आधी, जिथे दाब भरपूर आहे आणि जाळी थोडी तुंबली तरी पंपाला पत्ताही लागत नाही. तिथे किती मेश? सोलेनॉइड उघडून डायफ्रामच्या वर पाणी जाऊ देणारं ते छोटं ब्लीड भोक मोजलं, ०.८ मिमीची तार जेमतेम जाते. भोकापेक्षा लहान कणही तीन-चार एकत्र आले की कमान करून अडकतात, त्यामुळे मी भोकाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत राहायचं ठरवलं, म्हणजे ६० मेश, साधारण २५० मायक्रॉन. ड्रिपला याहून बारीक लागतं पण त्याचे झोनवाइज डिस्क फिल्टर पुढे आहेतच.

मेशच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं, भोक केवढं ते तारेच्या जाडीवर. ६० मेशला २५.४ भागिले ६० म्हणजे ०.४२ मिमीला एक भोक अधिक एक तार, तार ०.१७ असेल तर भोक ०.२५ आणि तार ०.१२ असेल तर ०.३०. त्यामुळे मागताना मायक्रॉनमध्येच मागायचं. मी ज्याच्याकडून ऑनलाइन मागवलं त्याने पहिल्यांदा "६० मेश" म्हणून जे पाठवलं त्यात मोबाइलच्या मॅक्रोने १० मिमीत सोळाच भोकं दिसली, चोवीसच्या आसपास हवी होती, म्हणजे ते ४० मेश. शिवाय जाळीच्या शिवणीला दोन मिमीची फट. परत पाठवलं. जाळी हातात आली की शिवण उजेडासमोर धरून बघायचीच. आणि पारदर्शक प्लॅस्टिक बॉडीवाले स्ट्रेनर मला आता आवडत नाहीत, कचरा दिसतो हे खरं पण ऊन लागलं की आतच शेवाळ धरतं. पितळी बरे.

तीन नंबरच्या व्हॉल्व्हचं थोडक्यात सांगतो. बंद होत नाही म्हणजे ब्लीड भोक तुंबलंय, डायफ्रामच्या वर दाब भरत नाही म्हणून तो खाली बसत नाही. उघडतच नसता तर वरचा दाब सोडणारं पायलटचं भोक बघितलं असतं. ब्लीडमध्ये टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा निघाला. तो स्ट्रेनरच्या पुढच्या जॉइंटमधला, त्यामुळे कुठल्याही जाळीने तो अडला नसता. नवीन जोडणी केली की व्हॉल्व्ह काढून लाइन आधी धुऊन काढायची.

सफाईचं आता कॅलेंडर ठेवलेलं नाही, गेज ठेवलाय. नव्या जाळीने सक्शन गेज चालू पंपात +०.०७ दाखवतो, तो शून्यावर आला की धुवायचं, उण्यात जाऊच द्यायचं नाही. डिलिव्हरीच्या जाळीच्या अलीकडे-पलीकडे फरक स्वच्छ असताना ०.०३, तो ०.२ झाला की धुवायचं. फरक बघताना फ्लो तोच हवा, म्हणून मी नेहमी फक्त एक नंबर झोन चालू ठेवून बघतो. पहिल्या जोराच्या पावसानंतर मात्र गेज न बघता उघडायचं.

धुताना पंप बंद, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, मग टोपी अर्धा फेराच सैल करून दाब जाऊ द्यायचा. कचरा जाळीच्या आतल्या बाजूला साठतो म्हणून पाण्याची धार बाहेरून आत मारायची, नायलॉनचा ब्रश चालतो, तारेचा नको, भोकं वाकडी होतात. बुळबुळीत थरासाठी पातळ ब्लीच पाच-दहा मिनिटं पुरतं, रात्रभर ठेवलं तर स्टेनलेसला खड्डे पडतात. गास्केटची बैठक बोटाने पुसून बघायची, कण लागला तर पुन्हा पुसायची. जाळी वरच्या खाचेत नीट बसली पाहिजे. टोपी नेहमीपेक्षा फेराभर आधीच घट्ट लागली तर जाळी तिरकी बसलीय असं समजा, जोर लावू नका, काढून परत बसवा, नाहीतर कडेच्या फटीतून सगळं निसटतं आणि जाळी मात्र छान स्वच्छ दिसते.

दोन्ही स्ट्रेनरच्या खालच्या प्लगच्या जागी छोटे बॉल व्हॉल्व्ह लावून चालू लाइनवरच गाळ सोडायचा असं मी ठरवलं होतं, व्हॉल्व्ह आणूनही ठेवलेत. पण हे लिहिताना लक्षात आलं की सक्शनला तो चुकून चालू पंपात उघडला आणि दाब उण्यात असला तर ती हवेची खिडकीच झाली. म्हणून सक्शनला प्लगच राहील, व्हॉल्व्ह फक्त डिलिव्हरीला. तसंही त्याने वाळू जाते, शेवाळ जाळीला चिकटूनच राहतं, टोपी उघडणं काही टळत नाही.

उरलेला दुसरा व्हॉल्व्ह बदलून थ्री-वे कॉक आणतो. डिलिव्हरीच्या जाळीच्या अलीकडचं आणि पलीकडचं टॅपिंग त्यावर आणून एकच गेज दोन्हीकडे फिरवायचा, कारण सध्याचे दोन गेज पंप बंद असतानाही एकमेकांपेक्षा ०.०४ ने वेगळे दाखवतात आणि मला मोजायचाय फरकच ०.०३ चा. रविवारी बसवतो, सोबत तीन गास्केट जादा मागवलीत, दर दुसऱ्या धुण्याला नवीन लावणार.