'घुसून' या शब्दापाशी

गेल्या रविवारी सराव परीक्षेनंतर एका मुलीने हात वर केला आणि मीच काढलेला प्रश्न मला परत वाचायला लावला. त्याला आठ दिवस झाले, पण तो डोक्यातून जात नाही.

सकाळी मी नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात वकिली करते. शनिवार-रविवार धरमपेठेत दिवाणी न्यायाधीश परीक्षेच्या मुलांना फौजदारी कायदा शिकवते. वस्तुनिष्ठ प्रश्न काढायची एक पद्धत असते: एकच घटना घ्यायची आणि चारही पर्याय तिला लागू पडतील असे वाटायला लावायचे. माझा प्रश्न असा होता:

'घरमालक अ रात्री ११.४० वाजता भाडेकरू ब याच्या खोलीत उघड्या दाराने घुसून त्यास आईवरून शिवीगाळ केली व उद्यापर्यंत खोली खाली न केल्यास हातपाय तोडीन असे म्हणाला. ब शांत राहिला. अ ने दाराशीच केलेला गुन्हा कोणता? (१) फौजदारीपात्र धाकदपटशा (२) शांतताभंग घडवण्याच्या उद्देशाने अपमान (३) गृह-अतिक्रमण (४) रात्रीचे चोरटे गृह-अतिक्रमण.'

माझ्या उत्तरतालिकेत होतं (३).

चौथ्या पर्यायाला नेहमीप्रमाणे बरीच मुलं फसली. 'रात्री' दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. पण नुसत्या रात्रीने काही होत नाही. चोरटं अतिक्रमण व्हायला आपण आत आलो हे घरच्या माणसाला कळू नये म्हणून खबरदारी घ्यावी लागते. उघड्या दाराने पायऱ्या वाजवत वर आलेल्या माणसाने काय लपवलं? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये सूर्यास्तानंतरचा वेळ शिक्षा वाढवतो, पण ती चोरट्या अतिक्रमणाची किंवा घरफोडीची. साध्या गृह-अतिक्रमणाला रात्री काय अन् दुपारी काय, कलम ३२९(४) खाली एक वर्षापर्यंतच.

हे सांगून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले आणि तेवढ्यात गोंदियाकडची ती मुलगी उठली. 'मॅम, तो काहून आला ते प्रश्नात कुठं आहे?'

मी म्हटलं, घुसून शिवीगाळ केली, धमकी दिली, म्हणजे त्यासाठीच आला ना.

'"घुसून" म्हणजे आधी घुसला आणि मग शिवी दिली एवढंच न मॅम. शिवी द्यायला घुसला, असं कुठं म्हटलंय?'

मी फळ्याकडे वळून काहीतरी लिहायचं नाटक केलं, कारण तिचं म्हणणं मला तोंडपाठ होतं. नऊ-दहा वर्षांपूर्वी हाच युक्तिवाद मी स्वतः उभं राहून केला होता. तोही नेमका याच शब्दावर आणि याच घटनेवर. प्रश्न मी माझ्या त्या जुन्या फाइलीवरूनच बेतला होता.

ती केस जुन्या दंड संहितेतली, कलमं ४४८, ५०४, ५०६, म्हणजे अनुक्रमे गृह-अतिक्रमण, अपमान आणि धमकी. मे महिना, पहिल्या माळ्यावरची खोली. भाडेकरू एकटा राहणारा नोकरदार. त्याने कूलरच्या टाकीत पाइप सोडला आणि विसरला. नागपुरात हे घराघरांत होतं. पाणी फरशीवरून खाली मालकाच्या झोपायच्या खोलीत ठिबकू लागलं. मालक वर आला, दार उघडं होतं, आत शिरला, आणि पुढचे शब्द तेच जे प्रश्नात आहेत. मी मालकाची वकील होते.

फिर्यादीत पाण्याचा थेंबही नव्हता. होतं ते ठरलेलं वाक्य: 'घरात घुसून अश्लील शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली.' हे वाक्य ठाण्यात तयार मिळतं आणि त्याला कारण आहे. प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टानुसार नुसती धमकी आणि नुसता अपमान अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी लिहून कोर्टात जा म्हणतात. गृह-अतिक्रमण मात्र दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो. एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १५५ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४ मध्ये आहे. म्हणून रात्री बारा वाजता घाबरून आलेल्या माणसाला अंमलदार विचारतो, 'घरात घुसला होता का?' आणि माणूस हो म्हणतो. गुन्हा त्या एका शब्दावर उभा राहतो. मला अंमलदाराचा राग येत नाही, त्याने त्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. राग येतो तो पुढच्यांचा. तपास करणाऱ्याने 'काहून आला होता' हा प्रश्न शेवटपर्यंत विचारलाच नाही.

आणि अतिक्रमणाचा गुन्हा त्या एकाच प्रश्नावर टिकतो. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरताना मनात काय होतं? गुन्हा करायचा होता, की ताबा असलेल्या माणसाला धाक दाखवायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा होता? लक्षात घ्या, ताबा भाडेकरूचा. मालकी कोणाची हे इथे बघत नाहीत, आणि घरमालकांना हे पटवताना माझा घसा बसतो. पण शिरण्यामागे यातलं काही नसेल तर आत गेल्यावर कितीही तमाशा झाला तरी त्या तमाशाचे गुन्हे वेगळे मोजायचे. त्यांनी मागे जाऊन प्रवेश गुन्हेगारी ठरत नाही. श्रीमती मथरी विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ च्या निर्णयसंग्रहातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलंय की, समोरच्याला त्रास होणार हे ठाऊक असणं पुरेसं नाही, त्रास देणं हाच शिरण्याचा हेतू असायला हवा. जाणीव पुराव्याच्या कामी येते, पण ती हेतूची जागा घेत नाही.

पंचनाम्यात मला एक ओळ सापडली होती: 'खिडकीलगत कूलर असून त्याखालील फरशी ओली दिसते.' ती लिहिणाऱ्याला तिचं महत्त्व कळलं नसावं. त्या ओळीसाठी मी पूर्ण उलटतपासणी रचली. फिर्यादीला 'मालक कशाला आला' असं विचारायचं नाही, कारण तो 'मला मारायला' म्हणेल आणि ते उत्तर रेकॉर्डवर बसेल. मी कूलरपासून सुरुवात केली. कूलर पाण्याचा ना? पाइपने भरता? त्या रात्री पाइप लावला होता? फरशी ओली झाली होती? खाली कोणाची खोली आहे? प्रत्येकाला हो किंवा एका शब्दाचं उत्तर. मग, 'दारातून आत येताना ते पहिलं काय बोलले?' इथे मी थांबले, कारण हा प्रश्न धोक्याचा होता. फिर्यादी प्रामाणिक माणूस. म्हणाला, 'पाणी बंद करा म्हणाले.'

४४८ तिथेच संपलं. ५०६ मध्ये माझा पक्षकार सुटला नाही, दंड झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. हातपाय तोडण्याची धमकी ही जबर दुखापतीची, दुसऱ्या भागात जाणारी. नव्या संहितेत ३५१(३), सात वर्षांपर्यंतची. धमकीला घरात शिरायची गरजच नाही, ती फोनवरूनही पूर्ण होते. फक्त भीती घालायचा किंवा काहीतरी करायला भाग पाडायचा उद्देश हवा, आणि 'खोली खाली कर' यात तो उघड होता. अपमानाचंही तसंच. फिर्यादी शांत राहिला म्हणून तो गुन्हा जात नाही. शिवी अशी होती का की माणूस हात उचलेल, आणि देणाऱ्याला ते कळत होतं का, एवढंच बघायचं.

तर हे सगळं जिंकलेली मी, प्रश्न काढताना कूलर गाळला आणि अंमलदाराचा शब्द उचलला. चार पर्याय जवळजवळ दिसावेत म्हणून.

मुलीला मी म्हटलं, तू बरोबर आहेस, प्रश्न रद्द. मग तासभर आम्ही एकच वाक्य बदलत बसलो. मालक जिन्यात उभा राहूनच ओरडला असता तर? सामाईक जिना भाडेकरूच्या ताब्यात नाही, तेव्हा धमकी आणि अपमान, अतिक्रमण नाही. निघताना खाली बायकोला 'आज त्याला दाखवतोच' म्हणाला असता तर? मग उंबरा ओलांडताच गृह-अतिक्रमण पूर्ण, आत भाडेकरू झोपलेला असो की जागा. भाडेकरू दार लावू लागला आणि मालक 'हटतो का हात तोडू' म्हणून आत आला तर? इथे वर्ग एकदम जागा झाला. मारहाणीची धमकी देऊन प्रवेश मिळवणं ही घरफोडीच्या सहा प्रकारांपैकी एक, कुलूप तुटलेलं नसलं तरी. सूर्यास्तानंतरची म्हणून ३३१(२), तीन वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. तीच धमकी, तीच माणसं. उंबऱ्याच्या बाहेर दिली की आत, एवढ्याने जामिनाचा प्रश्न बदलतो.

वर्ग सुटल्यावर तीच मुलगी थांबली. 'मॅम, तुमच्या केसमध्ये भाडेकरू त्याला जा म्हणाला होता का?'

कारण व्याख्येला दुसरा भागही आहे. सरळ कामासाठी आत आलेला माणूस बेकायदेशीरपणे तिथेच थांबला, आणि थांबण्यामागे धाक, अपमान किंवा त्रास हा उद्देश असला, तर तेही अतिक्रमण. पाण्यासाठी आला हे मान्य. पाणी बंद झालं. मग तो कशासाठी उभा होता?

मला आठवेना. घरी येऊन माळ्यावरची फाइल काढली. सरतपासणीच्या दुसऱ्या पानावर, फिर्यादीच्या तोंडी: 'मी कूलरचे पाणी बंद केले. मी त्यांना जायला सांगितले. त्यांनी मला धमकी दिली.' तीन छोटी वाक्यं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये किती वेळ गेला, मालक दाराकडे वळला होता की खुर्चीवर बसला होता, हे सरकारी वकिलांनी विचारलं नाही. मी विचारायचा प्रश्नच नव्हता. युक्तिवादातही मी ते पान टाळून पुढे गेले होते. मार्जिनमध्ये माझीच पेन्सिलची खूण आहे, बारीक फुली, 'इथे जायचं नाही' अशा अर्थाची.

पुढच्या रविवारसाठी प्रश्न नव्याने लिहायला घेतलाय. कूलर घातलाय, 'जायला सांगितले' घातलंय. उत्तरतालिकेची जागा अजून कोरी आहे.