‘आमच्याकडे तर बरोबर दिसतंय, मॅडम’

सांगलीत मसाल्यांच्या एका वितरकाकडे मी विक्रीचा डेटा बघते. बिलिंगचं सॉफ्टवेअर बाहेरच्या एका कंपनीचं आहे आणि दर महिन्याला विक्रीची सीएसव्ही फाइल त्यांच्याकडून मेलवर येते. एका महिन्यात आमची हळद पावडर रिपोर्टमध्ये घड्याळांच्या गटात जाऊन बसली आणि केशर मनगटी घड्याळांत. आधी हसू आलं. पुढचे कित्येक दिवस मात्र अजिबात आलं नाही.

भानगड साधी होती. हळद पावडरचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी मालाला लावायचा कोड, 09103030. फाइलमध्ये आलं 9103030, पुढचं शून्य गायब. आमचा रिपोर्ट पहिल्या चार आकड्यांवरून गट ठरवतो, आणि 9103 हा खरोखरच एका प्रकारच्या घड्याळांचा कोड आहे. केशराचा कोड 091020 ने सुरू होतो. शून्य गेलं की पुढे 9102 उरतं, म्हणजे मनगटी घड्याळं. नुसता चुकीचा कोड असता तर प्रोग्रॅमनेच बोंब मारली असती. इथे चुकीचा कोडही दुसऱ्या कशाचा तरी बरोबर कोड निघाला, म्हणून तो गुपचूप आत शिरला.

एचएसएनचं एक बरं असतं. कोड दोन, चार, सहा किंवा आठ आकडी, म्हणजे कायम समसंख्येचा. विषम लांबीचा दिसला की शून्य गळालंय हे नक्की, आणि पुढे एक शून्य लावलं की काम झालं. खरं दुखणं आयटम कोडचं होतं. आमच्याकडे 00457 आणि 457 हे दोन वेगळे माल आहेत, एक जुन्या यादीतला आणि एक नव्या. शून्यं गेल्यावर दोघे एक झाले. ते आपल्या बाजूने कुणालाही वेगळे करता येणार नाहीत. म्हणून व्हेंडरला मेल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

‘कोड टेक्स्ट म्हणून, अवतरणचिन्हांत द्या’ असं कळवलं. उत्तर आलं, ‘आमच्याकडे तर बरोबर दिसतंय, मॅडम’, आणि तिकीट बंद. पुन्हा उघडलं. मग फाइल आली, तिच्यात प्रत्येक कोड असा:

```
="09103030"
```

एक्सेलमध्ये उघडलं तर अगदी छान दिसतं, कारण एक्सेल त्याला सूत्र समजतं. आमच्या प्रोग्रॅमला मात्र बरोबरच्या चिन्हासकट सगळं कोडाचाच भाग वाटतं. तेही सांगितलं. पुढच्या वेळी कोडाआधी एक सुटं अवतरणचिन्ह आलं, एक्सेलच्या खान्यात टाइप करताना लावतात तसं. सीएसव्हीत त्याला काही अर्थ नाही, तेही कोडाला चिकटून बसतं. दरवेळी खाली तेच वाक्य: ‘आमच्याकडे बरोबर दिसतंय.’ दिसणारच! समोरचा माणूस दरवेळी एक्सेलमध्येच बघतोय.

इथे माझं डोकं जरा चाललं. मी आलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि बारकोडचा रकाना पाहिला. १३ आकडी बारकोडच्या जागी सगळीकडे 8.90123E+12. आता हे काही कुठलं बिलिंग सॉफ्टवेअर लिहीत नाही. एक्सेल मोठी संख्या अशी आखडून दाखवतं, आणि फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहून मोकळं होतं. म्हणजे निर्यात झाल्यावर आणि मेल सुटण्याआधी कुणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करत होतं. फोनवर विचारलं तर सपोर्टमधला मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘हो मॅडम, वरती कंपनीचं नाव-पत्ता येतो ना, त्या ओळी मी तुमच्यासाठी काढून देतो.’ बिचाऱ्याचा हेतू चांगला. पण शून्यं तिथेच मरत होती.

मग नीट बसून शेवटचा मेल लिहिला. तो असा:

‘नमस्कार सर,
पुढच्या निर्यातीपासून item_code, hsn आणि barcode हे तीन रकाने टेक्स्ट म्हणून, दुहेरी अवतरणचिन्हांत हवे आहेत. qty आणि amount चिन्हांशिवाय ठेवा. कोडाच्या आत बरोबरचं चिन्ह, सुटं चिन्ह किंवा मोकळी जागा नको. कंपनीच्या नावाच्या ओळी निर्यातीतच बंद कराव्यात, म्हणजे हाताने काढाव्या लागणार नाहीत. तयार झालेली फाइल एक्सेलमध्ये न उघडता जशीच्या तशी झिप करून पाठवावी. तपासायची असल्यास नोटपॅडमध्ये पाहावी. नमुना खाली देत आहे. सोबत एका बिलाची पीडीएफ आणि त्याच बिलाची सीएसव्हीतली ओळ जोडली आहे.’

```
item_code,hsn,barcode,qty,amount
"00457","09103030","8901234567890",12,1140.00
```

पीडीएफने काम केलं. तुमच्याच सॉफ्टवेअरने छापलेल्या बिलावर 09103030 नीट आहे, म्हणजे डेटाबेसमध्ये शून्य आहे. मग ते वाटेत कुठे गेलं, एवढाच प्रश्न उरला. हा मेल सपोर्टकडून डेव्हलपरकडे गेला आणि त्याने फार काही न विचारता निर्यातीची सेटिंग बदलून दिली. इतके दिवस तो माणूस कुठे होता, देव जाणे.

आता एक गोष्ट, जी खरं तर आधी सांगायला हवी होती. नुसत्या अवतरणचिन्हांनी शून्य वाचत नाही. सीएसव्हीत ती चिन्हं मजकुरातला स्वल्पविराम सांभाळायला असतात. ‘हे टेक्स्ट आहे’ असा त्यांचा अर्थ बहुतेक प्रोग्रॅम घेत नाहीत. चिन्हांतली फाइलसुद्धा डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर शून्य उडतंच. पायथनचं पांडाज तेच करतं. वाचताना आपणच सांगावं लागतं:

```python
cols = {"item_code": str, "hsn": str, "barcode": str}
df = pd.read_csv("sales.csv", dtype=cols)
df[df["hsn"].str.len() % 2 == 1]
```

शेवटची ओळ विषम लांबीचे एचएसएन काढून दाखवते. ती रिकामी आली की पुढे जायचं.

मग चिन्हांचा एवढा हट्ट कशाला? औषधाच्या बाटलीवरच्या सीलसारखा त्यांचा उपयोग होतो. आम्ही मागितल्याप्रमाणे कोड चिन्हांत आणि रकमा चिन्हांशिवाय आल्या, तर व्हेंडरच्या प्रोग्रॅममध्ये ते रकाने टेक्स्टच आहेत हे कळतं. आणि वाटेत कुणी एक्सेलमध्ये सेव्ह केलं तर ही चिन्हं गळून पडतात, कारण गरज नसेल तिथे एक्सेल ती परत लिहीत नाही. फाइल आली की मी रकान्यांच्या नावांखालची पहिली ओळ नोटपॅडमध्ये बघते. चिन्हं नसतील तर पुढचं काही न बघता परत पाठवते.

ऑफिसात ज्यांना एक्सेलशिवाय चालत नाही त्यांच्यासाठी: डेटा टॅबमधून From Text/CSV ने फाइल आणा आणि कोडाचे रकाने टेक्स्ट करा. २०२३ पासून नव्या एक्सेलमध्ये पुढची शून्यं काढणं आणि लांब आकडे आखडणं बंद करायची सोयही आली आहे. File, Options, मग Data मध्ये ती सापडते. आमच्या अकाउंट्सच्या काकांच्या मशीनवर जुनी आवृत्ती आहे, तिथे ती नाही.

मागच्या महिन्यांच्या फाइली दुरुस्त करत बसू नका. एचएसएन सुधारता येईल, पण 8.90123E+12 मधून बारकोड परत येत नाही, मागचे आकडे गेले ते गेले. मी त्या सगळ्या महिन्यांची निर्यात डेटाबेसमधून नव्याने मागितली. त्यावर ‘वेगळा चार्ज लागेल’ असं आलं. मी उत्तरात तीच पीडीएफ पुन्हा जोडली. चार्ज लागला नाही.