ऑपरेटर पाहिजे, यंत्रचालक नव्हे

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपला दोन सीएनसी ऑपरेटर हवे होते. जाहिरात व्हॉट्सअॅपवरच फिरवायची होती आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. मराठी चांगलं म्हणून.

पहिला मजकूर मी असा लिहिला: ‘आमच्या आस्थापनेत यंत्रचालक पदाकरिता अनुभवी उमेदवारांकडून अर्ज मागविण्यात येत आहेत.’ फोन आले, पण बहुतेक नुकत्याच पास झालेल्या मुलांचे. परीक्षा आहे का, पर्मनंट कधी करणार, असे प्रश्न. मशीनवर उभा राहणारा एकही नाही. आमच्या सेटरमामांना दाखवलं, तर ते म्हणाले, “साहेब, ही नोटीस हाय की वो. आन् यंत्रचालक म्हंजे कोण?”

मग दुसरं टोक गाठलं. ‘अर्जंट हायरिंग! डायनॅमिक कॅन्डिडेट्ससाठी बेस्ट अपॉर्च्युनिटी, अट्रॅक्टिव्ह सॅलरी.’ यावर पहिल्याच माणसानं विचारलं, “फी किती घेता?” त्याला आम्ही प्लेसमेंटवाले वाटलो. त्याचं काही चुकलं नाही, पगाराचा आकडा न सांगणारी भाषा तीच असते.

तेव्हा लक्षात आलं की घोळ इंग्रजी शब्दांचा नव्हताच. फॅनुक, ऑफसेट, इन्सर्ट, मायक्रोमीटर हे शॉपवर दिवसभर तोंडात असतात, ते तसेच राहू द्यावेत. बिघडवत होती क्रियापदं. ‘मागविण्यात येत आहेत’ म्हटलं की बोलावणारा माणूस दिसतच नाही. उलट ‘ये भावा, काम आहे’ हे आपसात ठीक, पण पंधरा वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला ते खटकतं. ‘यावे’, ‘फोन करावा’ यात मान राहतो आणि सरकारी वासही येत नाही.

पगारावर मात्र बराच वेळ गेला. नुसतं ‘१८,०००’ लिहिलं, तर माणूस ते हातात येणार असं धरतो. आमच्याकडे पीएफ १५,००० वर कापतात, म्हणजे १,८००. ईएसआय १३५, प्रोफेशनल टॅक्स २००. उरतात १५,८६५. हा आकडा आधी कळला नाही, तर पहिल्या पगारालाच भांडण.

शेवटी गेलेला मजकूर:

‘सीएनसी टर्निंगसाठी २ ऑपरेटर पाहिजेत. फॅनुक कंट्रोलवर किमान २ वर्षे काम केलेले. ड्रॉइंग वाचता यावे, ऑफसेट स्वतः देता यावा. शिफ्ट ८ तास, ओव्हरटाइम डबल. पगार १८,०००, सगळे कापून हातात सुमारे १५,८००. फी नाही. शिरोली एमआयडीसी. सकाळी १० ते ५ फोन करावा.’

मालकांना ‘पाहिजेत’ जरा रांगडं वाटलं. ‘आवश्यकता आहे’ करूया म्हणाले. मी बदललं नाही. दुसऱ्या दिवशी आलेल्या पहिल्या फोनवर पलीकडून थेट फॅनुकच्या मॉडेलचाच प्रश्न होता: “कंट्रोल कुठला, झीरो-आय का?”