हरवलेले ८/३

"सर, छेदनबिंदू बरोबर आलेत, इंटिग्रेशनही दोनदा तपासलं. तरी माझं उत्तर १९/३ आणि पुस्तकात ९. पुस्तक चुकलंय का?"

पुस्तक बरोबर आहे. पॅराबोला आणि रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ काढताना बारावीच्या मुलांकडून दर वर्षी हा प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा आकडाही हाच असतो, १९/३. शिकवायला लागलो त्या वर्षी मी स्वतः फळ्यावर तो लिहून मोकळा झालो होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "सर, डावीकडचा तुकडा कुठे गेला?"

गणित असं आहे: पॅराबोला y² = 4x, म्हणजे उजवीकडे तोंड उघडून आडवा पडलेला अन्वस्त, आणि रेषा y = 2x − 4, या दोघांनी वेढलेल्या भागाचं क्षेत्रफळ काढायचं. छेदनबिंदू काढताना x च्या जागी (y + 4)/2 घातलं की y² − 2y − 8 = 0 मिळतं. त्यातून y = 4 आणि y = −2. बिंदू आले (4, 4) आणि (1, −2). इथपर्यंत सगळे बरोबर असतात.

आता सवयीने हात काय करतो? दोन बिंदूंचे x बघतो, १ आणि ४, आणि त्या सीमांमध्ये "वरचा वजा खालचा" मांडतो: 2√x − (2x − 4). याचं संकलन १९/३ येतं. आकडेमोडीत चूक नाहीच. चूक अशी की हे दुसऱ्याच आकृतीचं क्षेत्रफळ आहे.

आकृती काढा, ओबडधोबड चालेल. रेषा आणि पॅराबोला यांनी वेढलेला भाग x = 1 पाशी सुरू होत नाही. पॅराबोलाचं टोक शून्यावर आहे आणि तो भागही रेषेच्या आतल्या बाजूलाच येतो. x = 0 ते 1 मध्ये उभी पट्टी काढली, तर तिची दोन्ही टोकं पॅराबोलावरच असतात, वर 2√x आणि खाली −2√x. रेषेशी तिचा संबंधच येत नाही. म्हणजे तिथे 4√x चं संकलन हवं, ते येतं ८/३. १९/३ मध्ये ८/३ मिळवा, झाले ९.

छेदनबिंदू दोन सीमा देतात हे खरं, पण x च्या की y च्या, हे ते सांगत नाहीत. ते पट्टीवर ठरतं. म्हणून मी मुलांना आधी पट्टी काढायला लावतो आणि ती आकृतीभर सरकवायला सांगतो. सरकताना पट्टीचं एखादं टोक एका वक्रावरून दुसऱ्यावर उडी मारत असेल, तर तिथे तुकडा पाडावा लागतो. उडी टाळायची असेल तर पट्टी आडवी करा. इथे आडव्या पट्टीचं डावं टोक कायम पॅराबोलावर, उजवं कायम रेषेवर. y = −2 पासून 4 पर्यंत (y + 4)/2 − y²/4 याचं एकच संकलन, आणि ते थेट ९. x-अक्षाच्या खालचा भाग वेगळा काढून त्याचं चिन्ह बदलायची गरज नाही. आपण मोजतोय ते दोन वक्रांमधलं अंतर, अक्षापासूनचं नव्हे.

आता माझी आवडती पडताळणी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इंटिग्रेशन हा शब्दही नव्हता तेव्हा, आर्किमिडीजने सिद्ध केलं होतं की रेषेने पॅराबोलाचा कापलेला तुकडा हा त्यात बसवलेल्या एका विशिष्ट त्रिकोणाच्या ४/३ पट असतो. त्रिकोणाचे दोन शिरोबिंदू म्हणजे आपले छेदनबिंदू. तिसरा पॅराबोलावर असा, की तिथली स्पर्शिका रेषेला समांतर असते. आपल्या उदाहरणात तो सापडायला अवघड नाही: 4 आणि −2 चा मध्य y = 1, आणि पॅराबोलावर तिथे x = 1/4. त्याच उंचीवर रेषेचा x आहे 5/2. आडवं अंतर ९/४. छेदनबिंदूंमधली उंची ६. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धं गुणिले ६ गुणिले ९/४, म्हणजे २७/४. त्याच्या ४/३ पट पुन्हा ९.

परीक्षेत उत्तर तपासायला हे मिनिटभरात होतं. १९/३ लिहिणाऱ्याला तर गुणाकारही पुरा करावा लागत नाही. २७/४ म्हणजे पावणेसात, १९/३ म्हणजे सहा आणि वर थोडं. आत बसवलेला त्रिकोणच उत्तरापेक्षा मोठा निघाला, की पट्टी कुठेतरी उशिरा सुरू झाली आहे.

एक अडचण मात्र याच पॅराबोलात आहे. y = 2 ही रेषा घ्या. ती त्याला फक्त (1, 2) मध्ये छेदते, कारण ती त्याच्या अक्षाला समांतर आहे. दुसरा छेदनबिंदू शोधत बसू नका, तिथे बंदिस्त क्षेत्रच नाही.