आमची वाटचाल : एका नोंदीपासून बॅच स्लिपपर्यंत

सदाशिव पेठेत दोन खोल्यांत चालणारा आमचा डेटा एंट्रीचा व्यवसाय. बहुतेक काम पतसंस्थांचं, म्हणजे हाताने लिहिलेल्या भरणा स्लिपांचं. स्लिपेवर खाते क्रमांक, तारीख, नाव, रक्कम आकड्यांत आणि अक्षरी. सुरुवातीला पद्धत साधी होती. एकाने टाइप करायचं, मग एकाने कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवर ताडायचं. पहिल्या तासाला ही पद्धत चांगली चालते. पुढे कानावर 'चार हजार पाचशे' पडतं आणि समोर 5400 असलं तरी डोळा ते पास करतो.

म्हणून तपासणीचे नियम सॉफ्टवेअरमध्येच बसवले. तारीख भविष्यातली नको, खाते क्रमांक संस्थेच्या यादीत हवा, रक्कम ठरलेल्या मर्यादेत हवी. हे नियम अशक्य ते अडवतात, चुकीचं पण शक्य असलेलं अडवत नाहीत. पिनकोडचंच घ्या. 411030 म्हणजे सदाशिव पेठ आणि 411038 म्हणजे कोथरूड. शेवटच्या शून्याचा आठ झाला तर माणूस नदीपार जातो आणि नियमाला पत्ताही लागत नाही, कारण दोन्ही पिनकोड खरे आहेत.

पुढची पायरी दुहेरी नोंदीची. एकच स्लिप दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करायची आणि न जुळणारे रकाने संगणकाने काढून द्यायचे. पंचकार्डाच्या जमान्यात हेच काम व्हेरिफायर मशिनवर होत असे, त्यामुळे आम्ही काही नवं शोधलेलं नाही. पण त्यातली एक मेख आम्हाला उशिरा उमगली. न जुळलेला रकाना तिसऱ्याकडे जातो तेव्हा त्याला 'अमुकने 4500 टाकलंय, तमुकने 5400, बरोबर कोणतं?' असं विचारलं, की तो कागद नीट न बघता जुन्या अनुभवी माणसाचा आकडा उचलतो. आता तिसऱ्याला फक्त स्लिपेचं चित्र आणि रिकामा रकाना दिसतो. त्याने स्वतः टाइप करायचं. त्याची नोंद दोघांपैकी एकाशी जुळली तर ती कायम, तिघांची तीन तऱ्हा झाली तर स्लिप बाजूला.

दुहेरी नोंद सगळ्याच रकान्यांना लावली तर जवळपास दुप्पट मजुरी पडते. म्हणून ती खाते क्रमांक, तारीख आणि रक्कम यांनाच लावतो. नावं एकदाच टाइप होतात आणि खाते क्रमांकावरून संस्थेच्या यादीतल्या नावाशी ताडली जातात. तिथे एक निराळंच झेंगट होतं. 'गोऱ्हे' हे नाव दोन्हीकडे डोळ्यांना अगदी सारखं दिसायचं, तरी संगणक म्हणायचा जुळत नाही. त्यातला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या खुणांनी साठवला जातो. ताडण्याआधी दोन्ही नावं अशी एका साच्यात आणली, की या खोट्या तक्रारी थांबतात:

```
import unicodedata
def saaf(s):
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    return " ".join(s.split())
```

हे सगळं करूनही एक चूक निसटते, आणि मराठी कागदांवर ती वारंवार होते. दुहेरी नोंद बोटांची चूक पकडते, वाचनाची नाही. दोघांची बोटं एकाच स्लिपेवर एकाच जागी तशीच घसरणं दुर्मिळ. दोघांचे डोळे मात्र एकाच अक्षराने सारखे फसतात.

त्यासाठी बॅच स्लिप आली. पन्नास भरणा स्लिपांचा एक गठ्ठा, त्यावर संस्थेच्या कारकुनाने कागदावरूनच भरलेले तीन आकडे: स्लिपांची संख्या, रकमांची बेरीज आणि खाते क्रमांकांची बेरीज. या तिसऱ्या बेरजेला अर्थ काहीच नाही, पण एक स्लिप सुटून दुसरी दोनदा चढली तर संख्या पन्नासच भरते आणि ही बेरीज ओरडते. तिन्ही आकडे गठ्ठा आमच्याकडे येण्याआधी भरलेले हवेत. आमच्याच नोंदींची बेरीज मारून स्लिप भरली तर तिचा उपयोग शून्य.

एका गठ्ठ्याचं उदाहरण घेऊ. बॅच स्लिपेवर बेरीज ₹१,८६,४५०. पहिल्या नोंदीची बेरीज ₹१,९४,४५०, दुसरीचीही तीच. दोन्ही नोंदी एकमेकींशी तंतोतंत जुळल्या, रक्कम मर्यादेबाहेर एकही नाही. फरक ८,००० चा. आता पन्नास स्लिपा पुन्हा चाळायच्या नसतात, आधी फरकाकडे बघायचं. शेजारचे दोन अंक उलटे पडले असते तर फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला असता, जसा 4500 आणि 5400 मधल्या ९०० ला जातो. ८,००० ला जात नाही. संख्या आणि खाते क्रमांकांची बेरीज बरोबर आहे, तेव्हा स्लिप सुटलेली किंवा दोनदा चढलेलीही नाही. उरतो हजाराच्या घरातला एकच अंक आठाने वाढलेला असण्याचा संशय: शून्याचा आठ, नाहीतर एकाचा नऊ. म्हणजे नोंदीत हजाराच्या घरात 8 किंवा 9 असलेल्या स्लिपाच काढायच्या. त्या निघाल्या तीन, आणि त्यातल्या एकीवर लिहिलं होतं १२००. दोघांनीही ते 9200 वाचलं होतं.

दोष टाइप करणाऱ्यांचा म्हणता येत नाही. घाईत लिहिलेला देवनागरी १ हुबेहूब इंग्रजी 9 सारखा दिसतो. एरवी लिपी शेजारच्या अंकांवरून कळते, कारण ५ आणि 5 यांत गोंधळ होत नाही. पण २ आणि 2 हाताने लिहिले की सारखेच, शून्य तर दोन्हीकडे एकच. त्यामुळे १२०० मध्ये लिपी सांगणारा एकही अंक नाही. अक्षरी रकान्यात 'बाराशे' स्वच्छ लिहिलेलं होतं, पण वेगात टाइप करणारा तिकडे बघत नाही. आता नियम असा आहे, की रकमेचा पहिला अंक 1 किंवा 9 पडला की ती स्लिप, दोन्ही नोंदी जुळल्या तरी, तिसऱ्याकडे जाते, आणि त्याच्यासमोर अक्षरी रकमेचंच चित्र येतं. पुढेमागे 4 आणि 8 लाही हा नियम लावावा लागेल असं दिसतंय, कारण गाठ मारून लिहिलेला ४ इंग्रजी 8 च्या वळणावर जातो.

बेरजेलाही मर्यादा आहेत. एका स्लिपेत शंभर जास्त आणि दुसरीत शंभर कमी झाले तर बेरीज गप्प बसते. तारखेची तर बेरीजच नसते, तिथे दुहेरी नोंदीवरच भिस्त. आणि कधीकधी चूक कारकुनाच्या कॅल्क्युलेटरवर झालेली असते. अशा वेळी बेरीज जुळवण्यासाठी कुठलीही नोंद बदलायची नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. पन्नास रकमांची यादी बेरजेसह छापायची, गठ्ठ्याला टाचायची आणि 'बॅच स्लिप तपासावी' असा शेरा मारून संस्थेकडे परत पाठवायची. तिकडून सही होऊन येईपर्यंत तो गठ्ठा आमच्या बिलात धरला जात नाही.