१० लाख कॉल फुकट, तरी ९४ डॉलरचं बिल

आमचं एक फंक्शन ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस लॅम्ब्डा या क्लाउड सेवेवर चालतं. ऑर्डर आली की बाहेरच्या एका सेवेकडून पडताळायची आणि डेटाबेसमध्ये टाकायची, एवढंच त्याचं काम. महिन्याला साडेचार लाख कॉल व्हायचे आणि बिल शून्य. मग सेलच्या महिन्यात कॉल ३० लाखांवर गेले आणि बिल आलं जवळपास ९४ डॉलर.

पहिले १० लाख कॉल दरमहा फुकट असतात आणि पुढच्या प्रत्येक १० लाखांना २० सेंट पडतात. म्हणजे कॉलचे झाले जेमतेम ४० सेंट. उरलेले सगळे पैसे जीबी-सेकंदांचे होते.

फंक्शनला दिलेली मेमरी गुणिले ते चाललेला वेळ, हे ते माप. महिन्याला ४ लाख जीबी-सेकंद फुकट मिळतात, तेही अकाउंटमधल्या सगळ्या फंक्शनांत मिळून. आमच्याकडे चालू असलेलं फंक्शन हे एकच. त्याला १ जीबी मेमरी होती आणि एका कॉलला सरासरी ०.८ सेकंद लागायचे. साडेचार लाख कॉलचे ३.६ लाख जीबी-सेकंद झाले, म्हणजे आम्ही काठावरच होतो. ५ लाख कॉल झाले असते तरी फुकटचा कोटा संपला असता. १० लाखांचा आकडा नुसता दिसायला मोठा.

गर्दीत ती बाहेरची सेवा मंदावली आणि सरासरी २ सेकंदांवर गेली. फंक्शन नुसतं उत्तराची वाट बघत बसलं तरी मीटर चालूच राहतो. ३० लाख गुणिले २ म्हणजे ६० लाख जीबी-सेकंद. त्यातले ४ लाख वजा करून उरलेल्या ५६ लाखांना ०.००००१६६६६७ डॉलरचा दर लावला की ९३.३३ डॉलर होतात (हा दर एक्स८६ प्रोसेसरचा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनचा). कॉल जवळपास पावणेसात पट झाले, वेळ अडीच पट, आणि या दोन्हींचा गुणाकार होतो. शिवाय फुकटचा कोटा काही वाढत नाही.

लॉगमध्ये प्रत्येक कॉलनंतर अशी ओळ येते:

```
Billed Duration: 1988 ms  Memory Size: 1024 MB  Max Memory Used: 214 MB
```

पैसे लागतात ते `Memory Size`चे. प्रत्यक्षात २१४ एमबीच वापरली, याला बिलात काही किंमत नाही. मेमरी ५१२ वर आणली. वेळ मुख्यतः वाट बघण्यातच जात असल्यामुळे फारसा वाढला नाही. त्याच गर्दीचा हिशेब आता ३० लाख जीबी-सेकंद, म्हणजे ४३ डॉलरच्या आसपास बसतो. बाहेरच्या कॉललाही ३ सेकंदांचा टाइमआउट लावला, नाहीतर अडकलेला एकेक कॉल फंक्शनचा स्वतःचा टाइमआउट संपेपर्यंत पैसे खात राहतो.

हीच युक्ती नंतर फोटो लहान करणाऱ्या नव्या फंक्शनवर केली, पण तिथे काही वाचलं नाही. लॅम्ब्डात सीपीयूचा वाटा मेमरीच्या प्रमाणात मिळतो, त्यामुळे मेमरी निम्मी केल्यावर वेळ जवळपास दुप्पट झाला. ते परत १०२४ वर ठेवलं.